बाबांच्या फुफ्फुसात गळू: मेट्रोनिडाझोल बंद केलं ते बरोबर का? आणि गोळ्या किती आठवडे?

सायली_क
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. उन्हाळ्यात पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून पाणी पिताना ठसका लागतो. मध्यंतरी बरेच दिवस बारीक ताप, खोकला होता, वजनही उतरलं. मग एका पहाटे खोकल्याबरोबर भसकन वाटीभर बेडका पडला. वास इतका घाण की खोलीत थांबवेना. सीटीत उजव्या फुफ्फुसात ४ सेंमीची पोकळी दिसली, खाली पू आणि वर हवा. टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट केली, ती निगेटिव्ह आली.

दवाखान्यात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेट्रोनिडाझोल सुरू केलं होतं. छातीच्या डॉक्टरांनी आल्या आल्या मेट्रोनिडाझोल बंद केलं. ताप उतरल्यावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेटच्या गोळ्या देऊन घरी सोडलं. ते म्हणतात, एक्स-रे सुधारेपर्यंत चालू ठेवा, सहा आठवडेही लागतील. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, ताप गेला, तीन आठवडे पुरे. बाबांना जुलाब होतायत, त्यामुळे घरात सगळ्यांना गोळ्या थांबवाव्याशा वाटतात. कुणाचं ऐकायचं?

सिस्टर_मनीषा
मी आयसीयूत काम करते. ठसका लागून झालेला न्यूमोनिया म्हटलं की आमच्याकडे मेट्रो लागतंच. तुम्ही सांगताय तसा वास म्हणजे हवेशिवाय वाढणारे जंतू, त्यावर मेट्रोच चालतं. बंद का केलं ते नक्की विचारा.

गोदाकाठ
माझ्या आईलाही असंच झालं होतं. जेवताना अन्न श्वासनलिकेत गेलं आणि न्यूमोनिया झाला. ७ दिवसांत अँटिबायोटिक बंद केलं, आज ठणठणीत आहे. सहा आठवडे म्हणजे अतिच वाटतं.

डॉ_फुफ्फुस
सायलीताई, मी छातीविकाराचा डॉक्टर आहे. पेशंट न पाहता लिहितोय हे लक्षात ठेवा.

सिस्टर वासाबद्दल बरोबर बोलल्या. पण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे जंतू स्वतःच मारतं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेटही मारतं. त्यावर मेट्रोनिडाझोल म्हणजे त्याच कामाला दुसरा माणूस. उलट नुसत्या मेट्रोनिडाझोलवर फुफ्फुसाचं गळू बऱ्याचदा बरं होत नाही, कारण त्या पुवात तोंडातले स्ट्रेप्टोकोकायही असतात आणि ते त्याला दाद देत नाहीत.

गोदाकाठ, तुमच्या आईला पोकळी झाली नव्हती, हा मोठा फरक. साध्या अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनियात हल्ली हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी वेगळं औषध सरसकट देत नाहीत. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: गळूचा किंवा छातीत पू झाल्याचा संशय असेल तरच द्या. अशा साध्या न्यूमोनियात ५ ते ७ दिवस पुरतात. गळूच्या पुवात मात्र औषध नीट पोचत नाही. पू खोकल्यावाटे निघून पोकळी आकसायला आठवडे लागतात, ताप त्याच्या कितीतरी आधी जातो. म्हणून ताप हा गोळ्या थांबवायचा निकष धरू नका.

सिस्टर_मनीषा
दोन्ही एकत्र इतक्या वेळा पाहिलंय की ते लागतंच असं वाटायचं. उद्या राउंडला सरांना विचारते.

सायली_क
मग जुलाबांचं काय?

डॉ_फुफ्फुस
क्लॅव्युलेनेटने पोट बिघडतं, जेवणाच्या सुरुवातीला गोळी घेतली तर कमी होतं. पण दिवसात तीन-चारपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा किंवा पुन्हा ताप असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची शौचाची तपासणी करून घ्या. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका. आणखी एक, बाबांचे दात कसे आहेत?

सायली_क
दाढा किडलेल्या आहेत, हिरड्यांतून रक्त येतं.

डॉ_फुफ्फुस
मग चित्र जुळतं. हे जंतू हिरड्यांच्या फटीत राहतात. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला असं गळू झालं, तर मी आधी आत गाठ नाही ना हे पाहतो. दातांचा डॉक्टर गाठा, दोन वेळा ब्रश करवा. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणीही करून घ्या, नाहीतर गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच. जेवताना पूर्ण बसवा, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

विदर्भकन्या_एमडी
मी मेडिसिनची. बाकी सगळं पटतं, पण एक्स-रे अगदी स्वच्छ होईपर्यंत सगळ्यांनाच औषध द्यावं असं मला वाटत नाही. तीन आठवडे विरुद्ध सहा, यावर चांगल्या तुलनात्मक चाचण्या जवळपास नाहीतच. बाबांचं वजन वाढतंय, खोकला गेला आणि पोकळी लहान होऊन स्थिर राहिली, तर चार आठवड्यांनंतर मी थांबवण्याचा विचार करेन.

डॉ_फुफ्फुस
छोटा स्थिर व्रण उरला तर मीही थांबवतो. पण मधुमेहात मी घाई करत नाही, लवकर थांबवून गळू पुन्हा भरलेलं पाहिलंय. सायलीताई, तीन आठवड्यांच्या सुमारास एक्स-रे काढून जुन्या फिल्मशेजारी लावून बघायला सांगा. पोकळी आकसत नसेल तर नुसत्या गोळ्या वाढवू नयेत, ब्रॉन्कोस्कोपीचं बोलावं.

सायली_क
एक्स-रे गुरुवारी आहे. रिपोर्ट इथे टाकते.