अनुभव धागा: सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ

धरमपेठची शिक्षिका: आठ महिने झाले. सकाळी उजवा पाय फरशीवर टेकला की टाचेखाली, आतल्या बाजूला खिळा घुसल्यासारखं होतं. भिंत धरून मोरीपर्यंत जाते; चहा उकळेस्तोवर पाय मोकळा. वर्गात दोन तास उभी राहिले की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. कापावं लागतं का? आपापले अनुभव लिहा.

महालातले काका: काही कापू नका. मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, दोन महिन्यांत हाड विरघळलं.

फिजिओताई: काका, दुखणं गेलं, हाड तिथंच असेल. कित्येकांना ते असतं आणि दुखत नाही. मॅडम, तुमचं लक्षण टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळपायाच्या पट्ट्याचं वाटतं. रात्री पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून व्यायाम उतरायच्या आधी, पलंगावरच. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हातानं तळवा चाचपा, दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. 10 अंक मोजून सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 दा. फरशीवर अनवाणी नको. हे एका आठवड्याचं काम नाही, महिने लागतात.

भेगांवाली: मला कोकमाच्या तेलानं फरक पडला.

फुटाळ्यावर धावणारा: ताई, तुमचं भेगांचं, इथलं वेगळं आहे! मी मात्र याच व्यायामावर फसलो. महिनाभरात आठवड्याचं धावणं 15 किलोमीटरवरून 40 वर नेलं. टाच दुखायला लागली, मीही पट्टा ओढत बसलो. पण चालून मोकळं व्हायच्या ऐवजी वाढायचं, रात्री पडल्या पडल्याही ठणकायचं. एक्स-रे स्वच्छ. शेवटी डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून दाबली, अन् मी ओरडलोच बाप्पा! एमआरआयमध्ये टाचेच्या हाडाला बारीक चीर. सहा आठवडे कुबड्या.

फिजिओताई: अशी चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत लपते. बाजूंनी दाबून कळ आली तर ताण द्यायचा थांबवा, आधी दाखवा.

मनीषनगरची आई: मुलगा 24 चा. दोन्ही टाचा, शिवाय सकाळी तासभर कंबर आखडलेली, फिरला की सुटते. गादी बदलली, बूट बदलले.

फिजिओताई: गादी राहू द्या, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. तरुण वयात दोन्ही टाचा आणि कंबर सोबत म्हणजे मणक्याचा संधिवात नाही ना, हे पाहावं लागतं.

बर्डीचा दुकानदार: टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तीन महिने स्वर्ग. आता परत सुरू. दुसरं घेऊ का?

फिजिओताई: वारंवार घेतल्यानं टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, पट्टाही तुटू शकतो. देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

धरमपेठची शिक्षिका: आत्ता बाजूंनी दाबून पाहिलं, काही नाही. खालून, आतल्या कडेला अंगठा रोवला, तर डोळ्यांत पाणी.