'सस्पेन्शन पेंडिंग एन्क्वायरी'ला कामगाराला कळेल असं काय लिहू?

कुंडईकर: आमच्या प्लांटची डिसिप्लिन पॉलिसी मराठीत लावायचीय. इंग्रजीत आहे की गैरवर्तनाचा आरोप असलेल्या कामगाराला 'मे बी सस्पेंडेड पेंडिंग एन्क्वायरी'. मी लिहिलं, "चौकशी प्रलंबित असताना निलंबित केले जाईल". एचआर म्हणतात बरोबर, पण पॅकिंगमधल्या एकाने वाचून विचारलं, म्हणजे नोकरी गेली?

बाबलो: पण मराठीत का, कोकणीत लावा ना, गोव्याची राजभाषा ती.

कुंडईकर: अरे आमच्याकडे बरेचजण सावंतवाडी, बेळगावकडचे. कोकणीतही लावू, आता हे वाक्य सांग.

शिफ्टवाला: सोपंय. "घरी बसवलं जाईल" लिहा आणि खाली टाका की वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. विषय संपला.

लेबरकोर्टवाली: तळटीप टाका हवी तर, पण बोर्डावर कामगारांना समजणारी भाषा लावायची ती त्यांनी वाचून वागावं म्हणूनच, त्यामुळे मराठीत चुकीचं लिहून इंग्रजीच्या मागे लपता येईलच असं नाही. आणि "घरी बसवलं" नको, आपल्याकडे त्याचा अर्थ काढून टाकलं असाच घेतात. दुसरं म्हणजे 'मे'चं तुम्ही "जाईल" केलंत. मूळात कंपनीला मुभा आहे, तुमच्या मराठीत प्रत्येक आरोपावर निलंबन ठरलेलंच. शिवाय स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या नियमांत, शिक्षा म्हणूनही थोड्या दिवसांचं निलंबन असतं, ते वेगळं. मी असं लिहीन:

"आरोपाची चौकशी चालू असेपर्यंत कंपनी तुम्हाला कामावर येण्यापासून थांबवू शकते (निलंबन). ही शिक्षा नाही. तुमची नोकरी चालू राहते. या काळात निर्वाह भत्ता मिळेल: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के. त्यानंतर, चौकशीला उशीर तुमच्या वागण्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के."

निलंबन शब्द ठेवाच, कारण हातात येणाऱ्या पत्रात तोच असणार.

शिफ्टवाला: ९० दिवसांनी ७५ होतातच ना, ती अट कशाला, वाक्य उगाच लांबतं.

लेबरकोर्टवाली: आपोआप नाही होत. कामगारच तारखांना आला नाही तर कंपनी ५० वर थांबते. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्यात ही अट होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ती गाळलीत तर कायद्यात नसलेलं वचन बोर्डावर लागेल.

वेर्णेची माई: माझ्या भावाला तीन महिने अर्धा पगार दिला तेव्हा तो भांडत बसला, महिन्याला हातात यायचे त्याच्या निम्मे पण नव्हते ते. त्याचा ओव्हरटाइम भरपूर असायचा.

लेबरकोर्टवाली: म्हणूनच "अर्धा पगार" न लिहिता "वेतन" लिहिलं. नव्या संहितेच्या व्याख्येत ओव्हरटाइम आणि बोनस धरत नाहीत.

कुंडईकर: पण माई, वेतन वाचून तुमच्या भावाला ते कळलं असतं का? मला नाही वाटत. "ओव्हरटाइम, बोनस सोडून" असं तिथेच लिहिलं तर?

लेबरकोर्टवाली: चांगलं होईल, पण मग बाकीचे भत्ते धरतात का हे लगेच विचारतील. तुमच्या पॉलिसीतली वेजेसची व्याख्या टाका इथे, त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

कुंडईकर: पॉलिसीत व्याख्याच नाहीय. सोमवारी एचआरला धरतो.