चाचणी न झालेला बॉम्ब

"हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बची आधी चाचणीच घेतली नव्हती, हे खरं का?"

हो, खरं आहे. त्याची रचना तोफेसारखी होती: नळीतून युरेनियमचा एक भाग दुसऱ्यावर डागायचा. हे चालणारच, अशी शास्त्रज्ञांना खात्री होती. शिवाय मोठ्या कष्टाने जमवलेलं सुमारे ६४ किलो युरेनियम त्या एकाच बॉम्बमध्ये गेलं, चाचणीपुरतं उरलंच नाही.

बॉम्बसाठीचं दुसरं इंधन म्हणजे प्लुटोनियम. त्याला ही नळी चालेना. त्यात आपोआप विखंडन होत राहतं, त्यामुळे बार वेळेआधीच फुसका गेला असता. म्हणून गोळा चहूबाजूंनी स्फोटकांनी एकदम दाबायची युक्ती काढली. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तपासली ती हीच, आणि नागासाकीवर वापरली तीही.

मला मात्र छळते ती जूनमधली गोष्ट. आधी निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवा, असं बॉम्बच्या प्रकल्पातल्याच फ्रँक समितीच्या शास्त्रज्ञांनी सरकारला लेखी कळवलं होतं. ते मानलं गेलं नाही.