मदत हवी आहे: संयुक्त खात्याच्या मँडेटमधला मजकूर

नाशिकमधल्या दोन भावांच्या द्राक्षव्यवहाराच्या संयुक्त बचत खात्याचं मँडेट, म्हणजे खातं कुणी कसं चालवायचं याची बँकेला दिलेली सूचना, तपासतोय. फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर, म्हणजे दोघांपैकी कुणीही एक किंवा हयात असलेला यावर, टिक आहे आणि खाली हाताने लिहिलंय: ‘५०,००० रुपयांच्या वर दोघांच्या सह्या’. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. शाखेने टिकप्रमाणे नोंद केली असेल, तर एकाच सहीचा दोन लाखांचा चेकही वटेल. एटीएम आणि यूपीआय तर सही बघतच नाहीत. उलट नुसतं ‘संयुक्तपणे’ केलं आणि ‘किंवा हयात असलेला’ हे शब्द लिहायचे राहून गेले, तर एक भाऊ गेल्यावर दुसऱ्याला दिवंगताच्या वारसांना सोबत घ्यावं लागेल.

त्याच नावांची एफडीही आहे. दोघे हयात असताना ती मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात. एकाच्या मृत्यूनंतर हयात असलेल्याने एकट्याने मोडायची, तर तसं दोघांचं संयुक्त मँडेट आधीच दिलेलं हवं. मुदत चालू असतानाही ते देता येतं. (हे कलम अनेकजण कोरंच सोडतात!)

रकमेची मर्यादा आणि हयातीचं कलम दोन्ही असलेलं मँडेट कुणी शाखेकडून मंजूर करून घेतलंय का? नेमके शब्द काय होते? आणि मर्यादा सिस्टीममध्ये चढल्याची लेखी पोच मिळाली का?