तीन वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो, थांबावं की दाखवावं?

मदत हवी आहे. मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला. मोठी वाक्यं बोलायला लागला तेव्हापासूनच 'मला मला मला ते हवंय', 'आणि मग, आणि मग' असं सुरू झालं. दमला किंवा घाईत असला की जास्त. त्याला स्वतःला त्याचं काहीच नाही, मजेत बोलत राहतो. डॉक्टर म्हणाले, या वयात अख्खे शब्द असे सहज परत येतात, बहुतेक मुलांचं आपोआप जातं.

पण हल्ली 'प-प-पाणी' आणि 'मऽऽऽला' असंही ऐकू येतंय. मधेच आवाजच फुटत नाही, तेव्हा डोळे घट्ट मिटतो. पहिलं अक्षर अडकणं, चेहऱ्यावर ताण दिसणं, सहा महिन्यांहून जास्त टिकणं किंवा घरात आधी कुणाला असणं, अशात नुसतं थांबू नये असं वाचलंय. त्याचे काका अजूनही अडखळतात! मग सहा महिने न थांबता आत्ताच स्पीच थेरपिस्टकडे जावं ना? कुणी इतक्या लहान मुलाला नेलंय का, पहिल्या भेटीत काय बघतात? आणि आजीला 'नीट बोल, सावकाश बोल' म्हणण्यापासून कसं थांबवू? त्याने तो आणखीच अडतो.