सल्ला हवा: ‘नळाचं पाणी वेळेवर आणि पुरेसं येतं का?’ हा प्रश्न कसा दुरुस्त करू?

आदिती_एमएसडब्ल्यू
नमस्कार. प्रबंधासाठी दोन गावांत मिळून १२० घरांची प्रश्नावली भरायची आहे. विषय: घरोघरी आलेले नळ आणि बायकांवरचा पाणी भरण्याचा भार. मॅडमनी दोन प्रश्नांना लाल गोल केलाय.

प्र. ९: नळाचे पाणी वेळेवर आणि पुरेसे येते का? हो / नाही
प्र. १४: शासनाच्या नळ योजनेमुळे महिलांचा पाणी भरण्याचा त्रास कमी झाला आहे, असे आपल्याला वाटते का? हो / नाही

नववा ‘नळाचं पाणी घराच्या गरजेला पुरतं का’ या उद्दिष्टासाठी आहे, चौदावा ‘पाणी भरण्यात बायकांचा जाणारा वेळ बदलला का’ यासाठी. उद्दिष्टं मंजूर झालीत, त्यांना हात लावता येणार नाही. कागद पाठपोट एकच, त्यात फार तर एक प्रश्न जास्तीचा बसेल. पैसे झेरॉक्सपुरतेच. सोमवारी गावात पोचायचंय.

डेटावाला
कागद कशाला? कोबो ॲपवर फॉर्म टाक, टॅब घे. सेकंडहँड सात-आठ हजारांत मिळतो. आणि हो/नाही काढून पाच पायऱ्या ठेव, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’. सगळं सुटेल.

आदिती_एमएसडब्ल्यू
दादा, पैसे झेरॉक्सपुरतेच असं वर लिहिलंय.

प्राजक्ता_नाशिक
नववा तोडच. मी एका दवाखान्यात होते, तिथल्या अभिप्राय फॉर्मवर प्रश्न होता, ‘डॉक्टर व नर्स यांचे वागणे कसे वाटले?’ पाचपैकी गुण. एका महिन्यात चांगले गुण आले तर डॉक्टर म्हणाले आमच्यामुळे, सिस्टर म्हणाल्या आमच्यामुळे. पुढच्या महिन्यात घसरले तर दोघांची बोटं एकमेकांकडे. वर्षभराचे फॉर्म कपाटात पडून राहिले, कारण कोणाचं वागणं सुधारायचं हे त्यातून कळतच नव्हतं.

शिरीष_सोलापूर
आमच्या सोसायटीत चार दिवसांआड पाणी येतं. तक्रार कुठे करायची ते सांगा.

मोजणीदार
शिरीषराव, धागा चुकलात.

आदिती, मी अठरा वर्षं गावोगाव फॉर्म भरतोय. नवव्याची परीक्षा अशी घे. एका घरी पाणी ठरल्या वेळी येतं पण दोन हंड्यांत संपतं. दुसऱ्या घरी रात्री दोनला येतं पण टाकी भरते. तुझ्या फॉर्मवर दोघींचं उत्तर ‘नाही’. ज्या घरांची अडचण अगदी उलटी, ती तक्त्यात एकाच रकान्यात बसली. त्यातही बाई नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. ती म्हणते, “येतं की वेळेवर, पण पुरत नाही.” मग भरणारा पोरगा वाक्याचा पहिला तुकडा ऐकतो आणि ‘हो’वर खूण करतो.

चौदाव्यात तर उत्तर प्रश्नातच घातलंयस. ‘शासनाच्या’ म्हटलं की समोरचीला वाटतं हे ऑफिसातले लोक आहेत, ‘नाही’ म्हटलं तर नळ कापतील. त्यावर डेटावाल्यांच्या पाच पायऱ्या लावल्या तरी वाक्य तेच राहतं. मी एकदा सहमत-असहमतवाला फॉर्म भरत होतो. तिसऱ्या प्रश्नाला एका आजी ‘योजनेने त्रास कमी झाला’ला सहमत झाल्या. अकराव्याला ‘योजनेनंतरही त्रास तसाच आहे’, त्यालाही सहमत. वर “चहा घेणार का?” हो ला हो मिळवायचं असेल तर ती पट्टी उत्तम.

डेटावाला
आजींचं एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. जगभर वापरतात ती पट्टी.

मोजणीदार
शिकलेल्या माणसाने स्वतः वाचून फॉर्म भरायचा असेल तर चालतेही. इथे कोणीतरी दारात उभं राहून वाचून दाखवणार आहे.

खडूस_काका
पुरतं का, असं मोघम विचारूच नका. जलजीवनचं माप आहे, माणशी रोज ५५ लिटर. सरळ विचारा किती लिटर मिळतं. आकडा आला की वाद मिटला.

प्राजक्ता_नाशिक
काका, लिटर कोण सांगणार? हंडे विचारावे लागतील. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या हंड्याने अठरा-एक हंडे.

खडूस_काका
१५ लिटरचा हंडा? आमच्याकडे २० चा असतो.

रानमेवा
स्टीलचा की पितळी? पितळी घागर तर बाराचीच.

मोजणीदार
झालं, धागा हंड्यात बुडाला. मोजायचंच असेल तर घरातला हंडा बाहेर काढायला सांगा आणि लिटरच्या मापाने एकदा भरून बघा. पण १२० घरांत तेवढा वेळ नाही, आणि उद्दिष्ट ‘गरजेला पुरतं का’ आहे, ‘किती लिटर’ नाही.

मी असं लिहीन.
नववा: “मागच्या पाळीला नळाचं आलेलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरलं, की मध्ये दुसरीकडून आणावं लागलं?”
नववा-अ: “मागच्या पाळीला पाणी ठरल्या वेळी आलं, की मागेपुढे?”
चौदावा: “घरात नळ आल्यापासून पाणी भरायला रोज जाणारा वेळ कमी झाला, तेवढाच आहे, की वाढला?”

चौदाव्यात शासन गेलं, ‘त्रास’ गेला, कारण उद्दिष्टात वेळ आहे. त्रास म्हटलं की एकीला पाठदुखी आठवते, दुसरीला नळावरची भांडणं. तिन्ही पर्याय एका सुरात वाचायचे. पहिल्यावर जोर दिलास तर छापलेला प्रश्न सरळ असूनही तोंडून वाकडा निघतो.

कल्याणी_के
नववा तरीही जोडप्रश्नच आहे ना? आमच्या मावशींकडे पाणी पुरत नाही, पण त्या दुसरीकडून आणतही नाहीत. धुणं एक दिवसाआड करतात. त्या काय सांगणार?

मोजणीदार
पकडलंस. मी दोनच टोकं धरली होती. तिसरा पर्याय हवा: ‘कमी वापरून भागवलं.’ हेच घर ‘पुरलं’मध्ये गेलं असतं तर सगळ्यात अडचणीतलं घर सुखी दिसलं असतं. सोमवारच्या आधी पाच बायकांना विचारून बघ. उत्तर देऊन झालं की प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लाव. तिने दुसरंच काही सांगितलं तर तो प्रश्न बाद. आणि दारात पुरुष भेटला तर काल पाणी भरलं कोणी ते आधी विचार. तो भरत नसेल तर चौदावा त्याला विचारू नकोस.

नवीन_सभासद
प्रश्न तोडा. दोन वेगळे प्रश्न करा.

प्राजक्ता_नाशिक
तेच सांगतोय सगळे, दोन दिवस झाले.

आदिती_एमएसडब्ल्यू
आज शेजारच्या वस्तीत पाच जणींना विचारून आले. नववा तिन्ही पर्यायांसह चालला. एक काकू म्हणाल्या, “भागवतोच की, न भागवून कुठं जाणार?” ती खूण तिसऱ्यावर. चौदाव्याला एका ताईंनी ‘वाढला’ सांगितलं. विहिरीला दोन खेपांत काम व्हायचं, आता नळाची वाट बघत बसावं लागतं. जुन्या हो/नाहीत हे ऐकूच आलं नसतं, मीही विचारलं नसतं.

पण तोडणार नाहीये. ‘वेळेवर’ काढूनच टाकतेय, कारण ते नवव्याच्या उद्दिष्टात नव्हतंच. मीच ओघात लिहिलं होतं. उरलेल्या जागेत ‘काल पाणी कोणी भरलं?’ घेतेय.

मोजणीदार
ही चूक करतेयस. वाट बघणाऱ्या ताईंचा वेळ वाढला तो पाणी अवेळी येतं म्हणून. चौदाव्यात ‘वाढला’ दिसेल, का वाढला ते दिसणार नाही.

आदिती_एमएसडब्ल्यू
काका, माझं उद्दिष्ट ‘बदलला का’ एवढंच आहे. ‘का बदलला’ला कागद पुरत नाही. मॅडमनाही दाखवलं, त्या म्हणाल्या चालेल.

मोजणीदार
मॅडमना चालेल. मग ‘वाढला’ म्हणणारीचं बोलणं निदान समासात लिहून घे.

शिरीष_सोलापूर
तक्रारीचं कोणीच सांगितलं नाही.