ऑफर, स्वीकार आणि माघार एकाच प्रश्नात आले तर आयरॅक कसा मांडायचा?

वरूडकर_एलएलबी
पहिल्या वर्षाला आहे, अमरावतीला एसटीने ये-जा करतो. सरावाला हा प्रश्न आला आहे. मोर्शीचे रामराव १ मार्चला वरूडच्या शांताबाईंना पत्र धाडतात : "माझं थ्रेशर १,२०,००० ला देतो, १० तारखेपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो." पत्र ४ ला पोचतं. पण ३ लाच मन फिरून त्यांनी ऑफर मागे घेतल्याचं दुसरं पत्र टाकलेलं असतं. ते पोचतं ६ ला. मधेच ५ ला शांताबाई "मंजूर" लिहून स्पीड पोस्ट करतात, ते रामरावांना ८ ला मिळतं. आणि ७ ला शांताबाईच फोन करून सांगतात, "थ्रेशर नको." करार झाला का? मुद्दा, नियम, ॲप्लिकेशन, निष्कर्ष असा एकच आयरॅक लिहू की तीन?

कापूसकोंड्या
काहून एवढं लांबवतो बावा? ३ तारखेला पत्र टाकलं, तिथंच ऑफर खतम. करार कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहूनच आहे, पत्र हाताबाहेर गेलं की माघार पूर्ण. एक आयरॅक, दहा ओळी, झालं.

बाररूमचा_कोपरा
कापूसकोंड्याभाऊ, तुम्ही कलम अर्धंच वाचलं. पत्र हाताबाहेर गेल्यावर माघार पूर्ण होते ती मागे घेणाऱ्यापुरती. ज्याच्याकडून मागे घ्यायची, त्याच्यासाठी ती त्याला कळेल तेव्हाच पूर्ण होते. म्हणजे शांताबाईंसाठी ६ तारीख.

वरूडकर, आधी कच्च्या पानावर प्रत्येक पत्रापुढे दोन तारखा लिहा : निघालं कधी, कळलं कधी. या प्रश्नाचा सगळा जीव "कोणाच्या विरुद्ध पूर्ण" या शब्दांत आहे.

मग ऑफर दोन ओळींत संपवा. किंमत, वस्तू स्पष्ट आहे, ४ ला कळली, वाद नाही. तिच्यासाठी अख्खा आयरॅक खर्चू नका. स्वीकारालाही वेगळा आयरॅक देऊ नका, कारण त्याचा उपयोग दोन्ही माघारींत होतो. खरे आयरॅक दोनच.

पहिला रामरावांच्या माघारीचा. मुद्दा तारखांसकट लिहा : "५ ला पोस्टात पडलेल्या स्वीकारानंतर ६ ला कळलेली माघार चालते का?" नियम, कलम ५ : स्वीकार ऑफर देणाऱ्याविरुद्ध पूर्ण होण्याआधीच ऑफर मागे घेता येते. इथे तो ५ लाच, पत्र शांताबाईंच्या हातून सुटताच पूर्ण झाला. माघार उशिरा. आधाराला बर्न वि. व्हॅन टीनहोव्हन (१८८०) चालेल, तिथेही माघारीचं पत्र स्वीकारानंतरच पोचलं होतं.

निष्कर्षात मात्र "करार झाला" लिहू नका, उत्तर तिथेच फसतं. लिहा, "रामराव ५ पासून बांधले गेले, शांताबाई अजून नाहीत."

हेच वाक्य दुसऱ्या आयरॅकची सुरुवात. शांताबाईंविरुद्ध स्वीकार पूर्ण होणार तो रामरावांना कळेल तेव्हा, म्हणजे ८ ला. कलम ५ चा दुसरा भाग त्यांना तोवर स्वीकार मागे घेऊ देतो. फोन ७ ला, रामरावांनी तेव्हाच ऐकला. करार नाही. इंग्लिश पुस्तकावरून ॲडम्स वि. लिंडसेल (१८१८) लावून "पोस्टात टाकलं की दोघेही बांधले" लिहाल तर उत्तर उलटं येईल.

वरूडकर_एलएलबी
सर, मग "१० तारखेपर्यंत ठेवतो" याचं काय? आणि फोन आहे म्हणून भगवानदास केडिया (१९६६) टाकू का?

बाररूमचा_कोपरा
केडिया फोनवरून *स्वीकार* केला तर करार कुठे झाला याचा खटला आहे. इथे फोनवर माघार आहे, उगाच घालू नका. १० तारखेचं एका वाक्यात सांगा : त्या शब्दासाठी शांताबाईंनी मोबदला दिला नाही, म्हणून रामरावांना आधीही मागे घेता आली असती. फक्त वेळेत घ्यायला हवी होती.

मृगबहार
राजेहो, माझंही सांगा. संत्र्याच्या बगीच्याचा सौदा झाला, व्यापाऱ्यानं इसार देल्ला, भाव पडला तं आता फोनच उचलत नाही. हीबी माघारच न?

बाररूमचा_कोपरा
नाही दादा. भाव ठरून इसार हाती आला म्हणजे ऑफर-स्वीकाराची पायरी बहुतेक मागे पडली. तुमचा प्रश्न ठरलेला सौदा मोडल्याचा आहे. इसारपावती सांभाळा आणि वेगळा धागा काढा.

रात्रपाळी_अभ्यास
माझ्याकडे याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. ५ ला सकाळी, पत्र टाकण्याआधीच, शांताबाईंना भाच्याकडून कळतं की रामरावांनी थ्रेशर दुसऱ्याला विकलं. मी डिकिन्सन वि. डॉड्स (१८७६) लावून लिहिलं की ऑफर तिथेच संपली.

बाररूमचा_कोपरा
आपलं कलम ६ म्हणतं, माघारीची सूचना *ऑफर देणाऱ्याने* कळवायची. भाचा रामरावांचा निरोप घेऊन आला नव्हता. मी तर ऑफर जिवंत धरीन.

रात्रपाळी_अभ्यास
वस्तू विकली गेल्याचं माहीत असूनही "मंजूर" लिहायचं आणि वर नुकसानभरपाई मागायची? मला नाही पटत.

बाररूमचा_कोपरा
मग दोन्ही बाजू ॲप्लिकेशनमध्ये मांडा आणि एक निवडा. कोणती निवडली यापेक्षा कलम ६ चे शब्द समोर ठेवून निवडली का, हे मी तपासणारा असतो तर पाहिलं असतं.

कापूसकोंड्या
आमचे सर तं डिकिन्सनच धरतात. उद्या विचारून इथं टाकतो.